आठवा प्रश्न उलटा

शेवटच्या साध्या दिवशी मी आणि पा, माझे वडील, भांडलो, ते ‘दिसतंय’ या एका शब्दावरून.

दुपारचं सत्र सुरू होतं. पामतेलाचा भाव सकाळपासून पांनी चार्टवर आखलेल्या रेघेशी घुटमळत होता आणि चारच्या सुमारास तो वर सरकला. तीन आठवडे आम्ही त्या रेघेची वाट पाहत होतो. चार हजार दहा रिंगिट. भाव दोनदा तिथपर्यंत येऊन परत फिरला होता, आणि तिसऱ्या वेळी तो थांबला नाही. मी खुर्ची पुढे ओढली. पा खिडकीपाशी, संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून बसले होते, कारण तसा नियमच होता. जो प्रश्न वाचेल त्यानं चार्ट पाहायचा नाही, आणि जो चार्ट पाहील त्यानं प्रश्न वाचायचे नाहीत. एकट्या माणसाचे डोळे यादीवरून चार्टवर आणि चार्टवरून यादीवर फिरू लागले की प्रत्येक उत्तर ‘हो’ येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रश्न आठ होते. इतक्या वर्षांत ते त्यांना तोंडपाठ झाले होते, तरी ते कार्ड हातात धरूनच वाचत. पाठ म्हटलं की आवाज उत्तराकडे झुकतो, म्हणत. पहिल्या दोन प्रश्नांना मी ‘हो’ म्हणाले. तिसरा होता, दिवसाची कँडल, म्हणजे चार्टवरची त्या दिवसाच्या भावाची उभी पट्टी, रेघेच्या वर बंद झाली आहे का?

“होईल असं दिसतंय,” मी म्हणाले.

“दिसतंय हे हो आहे की नाही?”

“पा, भाव वर आहे. बाजार बंद व्हायला दोन तास आहेत. उद्या सकाळी घेऊ तेव्हा तो किती पुढे गेलेला असेल कोण जाणे.”

“मी भाव विचारला नाही. बंद झाली का, ते विचारलं.”

मी नाही म्हणाले, जरा चिडूनच. त्यांनी कार्ड खिडकीच्या कठड्यावर पालथं ठेवलं. एक ‘नाही’ आलं की पुढचे प्रश्न वाचायचे नाहीत, हाही नियम होता. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की मी लग्नही असंच केलं होतं, कँडल बंद व्हायच्या आधी. हा विनोद ते वर्षातून दोनदा करत, आणि दोन्ही वेळा मी त्यांना तुमच्या जावयाची निवड तुमचीच होती याची आठवण करून देई.

खालून मानं, माझ्या आईनं, जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं की वरचा जुगार आटोपला असेल तर कोणी तरी उद्यासाठी मुगाचे मोड आणायचं लक्षात ठेवेल का. ती दुकानातून वर कधी येत नसे. खाली तिचं पूजासामानाचं दुकान, अगरबत्त्या, लाल मेणबत्त्या, सोनेरी कागदाच्या गड्ड्या, मेलेल्या माणसांना जाळून पाठवायचे कागदी बूट आणि कागदी मोबाइल. आणि वर आमची खोली. मलेशियातल्या इपोच्या जुन्या पेठेत अशी घरं लांबलचक आणि पातळ तक्तपोशीची असतात. आमचं प्रत्येक हो-नाही खाली ऐकू जातं हे मला माहीत होतं. ती ऐकते हे मात्र माहीत नव्हतं.

सहा वाजता भाव रेघेच्या वर बंद झाला. पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता हो. उद्या बाजार उघडला की पहिल्यापासून वाचू.” मी म्हटलं, पहिल्यापासून कशाला, तीन झालेत. ते म्हणाले, कालचं हो आज शिळं असतं. रात्री आम्ही होर फनच्या शेवया खाल्ल्या. पांनी नेहमीप्रमाणे माझ्या वाटीतले मिरचीचे तुकडे काढून घेतले. इतकंच. दुसरं काहीच घडलं नाही त्या दिवशी.

सकाळी ते मोड आणायला मंडईत गेले आणि मोडवाल्या बाईच्या टपरीसमोर कोसळले.

साडेदहाला मी इस्पितळाच्या बाकावर होते. फोन वाजला. सेल्वानाथन अंकल, पांचे दलालीतले जुने दोस्त, ज्यांच्यामार्फत आमचे सौदे जात. त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते हसत म्हणाले, “काय पोरी, मास्तरांची प्रश्नपत्रिका वाचून झाली की नाही? गाडी सुटतेय.” मी फोन माच्या हातात दिला. मानं त्यांना सांगितलं. मग मानंच सगळ्यांना सांगितलं, माझ्या मावश्यांना, पेनांगच्या काकांना, मंदिराला, शवपेटीवाल्याला. तिच्या धंद्यात तो शब्द रोजचा होता. ग्राहक येऊन कुजबुजत, “आमच्याकडे जरा... म्हणजे, म्हातारे आता...” आणि ती वर न बघता विचारी, “वारले? कधी? पुरुष की बाई?” आणि त्याप्रमाणे कागदी कपडे काढी.

मी वर्तमानपत्रातली सूचना लिहिली. कागदावर लिहिणं मला जड जात नाही, मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये राहिलेली बाई आहे. पण पांच्या फोनवर कोणी विचारलं की मी म्हणे, “ते आत्ता घरी नाहीत.” बँकेच्या खिडकीवर मी मृत्यूचा दाखला सरकवला आणि काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, हे कशासाठी, तेव्हाही मी बोटानं कागदावरची ओळ दाखवली. कोणाच्या हे लक्षातही आलं नाही. मी शांत आहे म्हणून सगळ्यांना कौतुक होतं.

त्या सौद्याचं असं झालं, की भाव पंधरवडाभर चढतच गेला. आम्ही पांढऱ्या कपड्यांत, गुडघ्यांवर, धुरात होतो आणि तो वर वर जात होता. मी तो रोज पाहिला. कोणाला सांगितलं नाही. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा, मा कागदी घर आणि कागदी मोटार पेटवत होती आणि एक कागदी संगणकही, त्यावर कोणीतरी चढता चार्ट छापला होता, तेव्हा मी खिशातला फोन चाचपला. मावशी म्हणाली, त्यांची ती यादीपण त्यांच्याबरोबर पाठवा, तिकडे लागेल. मी नाही म्हणाले. तसंही ते कार्ड नीट जळालं नसतं. पांनी ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं. साध्या कागदावर घाईत खाडाखोड करता येते, म्हणून. प्रश्न बदलायचे तर फक्त रविवारी, बाजार बंद असताना, आणि नवं कार्ड करायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं. एवढे कष्ट घेऊनही बदल हवासा वाटला तरच तो खरा.

मग भाव उतरला. आला तसा खाली गेला, रेघेच्याही खाली, आणि आठवडेच्या आठवडे तिथं लोळत राहिला. पांच्या निवृत्तिनिधीचे पैसे माझ्या नावावर आले, कारण नामनिर्देश माझा होता. पण ते माचे होते, तिच्या म्हातारपणाचे. पांनी मला तसं कधीच बजावलं नव्हतं. बजावायची गरज नव्हती. दुकान आता फारसं चालत नाही. लोक कागदी वस्तू ऑनलाइन मागवतात.

त्यातले बरेच पैसे मी माझ्या सौद्यांच्या खात्यात वळते केले. तात्पुरते, असं मी स्वतःशी म्हटलं.

*

शोकाच्या सातव्या सप्ताहाचे विधी जवळ आले, तसा भाव पुन्हा रेघेकडे चढू लागला.

मला झोप लागेना. पहाटे उठून मी चार्ट उघडे. तीच चढण, तशीच दोन वेळा परतलेली टोकं, तीच सरासरी खालून वर येणारी. चार्ट पाहणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं की बाजार स्वतःची नक्कल करतो आणि त्यात नवल काही नाही. पण पांनीच हे परत पाठवलंय, असं वाटे. या वाटण्याला मी शब्द दिला नाही. शब्द दिला असता तर त्यांचा आवाज आला असता: वाटतंय हे हो आहे की नाही?

त्यांचं मूळ काम तेच होतं. तरुणपणी त्यांनी खूप बुडवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ‘चार्ट मजबूत वाटत होता’ म्हणून. मग ते एकेका ‘वाटतं’च्या मागे लागले. मजबूत वाटतो म्हणजे काय दिसतं? भाव पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का, आणि ती सरासरी आठवड्यापूर्वीपेक्षा वर आहे का? हा पहिला प्रश्न झाला. लोकांचा उत्साह दिसतो म्हणजे काय? उलाढाल वीस दिवसांच्या सरासरीहून जास्त आहे का? जोखीम थोडी वाटते म्हणजे काय? स्टॉपलॉस, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायचा ठरलेला भाव, लागला तर खात्याच्या शंभराव्या भागाहून कमी जाईल का? असं करत सात प्रश्न झाले. आठव्यानं त्यांना सगळ्यांत जास्त छळलं. आधी तो होता, मन शांत आहे का? त्यांनी तो खोडला, कारण पेटलेल्या घरातला माणूसही हो म्हणतो. मग, रात्री नीट झोप लागली का? पण नीट म्हणजे किती? एका रविवारी दुपारी ते टेबलावरून उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, सापडला. हा सौदा का घेतला हे सांगताना एखाद्या माणसाचं नाव घ्यावं लागेल का?

मला आधी कळला नाही. ते म्हणाले, सेल्वानं सांगितलं म्हणून घेतला, नाव आलं. मेहुण्याला दाखवून द्यायचं म्हणून घेतला, नाव आलं. परवा चुकला म्हणून बायको हसली, तिला गप्प करायचं म्हणून, तरी नाव आलंच. चार्टवर माणसं नसतात. नाव आलं तर सौदा चार्टबाहेरचा.

आणि हा एकच प्रश्न त्यांनी मुद्दाम उलटा ठेवला. बाकी सातांना हो हवं, याला नाही. ओळीनं सात वेळा हो म्हणालेली जीभ आठव्यालाही हो म्हणून जाते, म्हणाले. तिला तिथं ठेच लागली पाहिजे.

त्या गुरुवारी भाव तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णववर बंद झाला. पांच्या रेघेच्या बारा रिंगिट खाली.

शुक्रवारी मी बाजार उघडायच्या पुष्कळ आधी वर जाऊन बसले. रेघ चार हजार दहावर होती, त्यांनी काढली होती तशी, निळी. मी चार्ट मोठा करून पाहिला. जुन्या दोन परतलेल्या कँडलच्या शेंड्या, म्हणजे त्या दिवसांचे सगळ्यांत वरचे भाव, चार हजार दहाला लागत होत्या, पण त्यांची अंगं, भाव जिथं खरोखर बंद झाला तिथवरची, तीन हजार नऊशे नव्वदच्या आसपास संपत होती. काही लोक शेंडीवरून रेघ काढतात, काही अंगावरून. दोन्ही पद्धती आहेत. पुस्तकांत दोन्हींची बाजू घेणारे भेटतात. मी रेघेवर बोट ठेवलं आणि ती खाली ओढली, तीन हजार नऊशे नव्वदवर. ती सहज सरकली. गुरुवारची कँडल आता तिच्या वर होती.

सेल्वा अंकलांचा फोन आला. ते विधींना कोण कोण येणार हे विचारत होते, पण नंतर त्यांचा आवाज जरा बदलला. “पाहिलंस ना? मास्तरांची जागा आहे ती. सगळे बघतायत. पण मी काही सांगत नाही, हां. तुझ्या पांनी मला त्या यादीत गुन्हेगार करून टाकलंय.” मी हसले. किती लॉट, असं त्यांनी विचारलं, कारण आम्ही नेहमी एकच, पंचवीस टनांचा, घ्यायचो. मी पाच म्हणाले. ते मग म्हणाले, “पाचात एक रिंगिट हलला की सव्वाशे हलतात, पोरी. चाळीसचा स्टॉपलॉस लावलास तर किती होतात बघ.” मी म्हटलं, मला गुणाकार येतो. ते म्हणाले, तो तर सगळ्या बुडालेल्यांना येत होता.

फोन ठेवल्यावर मी ऑर्डर भरून ठेवली. पाच लॉट. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. मग कार्ड घेतलं आणि स्वतःच वाचायला लागले, आणि पा म्हणाले होते तसंच झालं. डोळे कार्डावरून पडद्यावर, पडद्यावरून कार्डावर, आणि हो, हो, हो. मी पुन्हा वाचलं. पुन्हा हो. हात गार पडले होते आणि हाताखालचा माउस ओला झाला होता. एवढी सगळी उत्तरं बरोबर असताना एवढी भीती कशाची वाटते, हे मला कळेना.

जिन्यावर पावलं वाजली. मा वर आली. या खोलीत ती कधी आली होती ते मला आठवत नव्हतं. तिच्या हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप होता आणि दंडावर शोकाची फीत. तिनं कप टेबलावर ठेवला. भिक्षूंना किती जेवण लागेल हे विचारायला ती आली होती. विचारलं नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिली.

“ताप आहे का?”

“नाही.”

“मग थरथरतेस कशाला?”

मी म्हटलं, सौदा आहे, बाजार उघडतोय, यादी वाचायला कोणी नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली. पांची खुर्ची खिडकीपाशी होती तशीच होती. मग तिनं माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, त्या खुर्चीत जाऊन बसली, आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी पाठ पडद्याकडे केली.

“मा, तुला त्यातलं काही कळणार नाही.”

“मला कशाला कळायला हवं? अक्षर तुझ्या पांचं आहे. ते मला वाचता येतं.” तिनं कार्ड लांब धरलं. “भाव पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का, आणि सरासरी आठवड्यापूर्वीपेक्षा वर आहे का?”

पांच्या आवाजात नाही, तिच्या आवाजात, दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं. मी हो म्हणाले. ते खरं होतं.

“रेघ आजच्या आधी काढलेली आहे का?”

मी पडद्याकडे पाहिलं. निळी रेघ तिथं होती. रेघ आजच्या आधीच काढलेली होती, पांनी काढलेली होती. फक्त तिची जागा.

“आ यी,” मानं मला नावानं हटकलं. “हो की नाही?”

“हो.”

तिनं मग तिसरा वाचला. कँडल रेघेच्या वर बंद झाली आहे का? मी हो म्हणाले. चौथा, उलाढालीचा. हो, जेमतेम, पण आकडा आकडाच असतो. पाचवा, स्टॉपलॉसची जागा ठरली आहे का, आणि पुढच्या अडथळ्यापर्यंतचं अंतर त्याच्या दुप्पट आहे का? हो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर उघडलं. बाजार उघडला आणि आकडे हलू लागले, चार हजार, चार हजार तीन.  पुन्हा सुटतंय, असं वाटलं.

“मा, लवकर.”

“स्टॉपलॉस लागला तर खात्याच्या शंभराव्या भागाहून कमी जाईल का?”

“आत्ता जरा जास्त आहे, पण हे खातं आता मोठं केलंय, आणि तशीही जागा इतकी चांगली...”

“म्हणजे नाही.”

“मी नाही म्हटलं नाही.”

“उत्तर एका शब्दापेक्षा लांब असेल तर ते नाही असतं.” ती खिडकीबाहेरच पाहत होती. “नऊ वर्षं तुझे पा हे माझ्या छतावरून ओरडून सांगत होते. मी खाली कागद मोजायची आणि चुकायची.”

मी मग पाचाचा आकडा खोडून एक केला. 

“आता हो,” मी म्हणाले.

“असं बदलता येतं?”

“किती घ्यायचे ते बदलता येतं. ते आपल्या हातात असतं. त्यांनीही असं केलंय.”

“आणि काय बदलता येत नाही?”

तिनं हे सहज विचारलं. तिला खरोखर ठाऊक नव्हतं. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ. रेघ बदलता येत नाही. पडद्यावर भाव चार हजार सातवर होता. पांच्या रेघेच्या अजूनही खाली.

उत्तर आलं नाही तशी ती पुढे गेली. पाठ वळवल्यावर माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही, हा त्या नियमाचा एक फायदा आणि एक तोटा आहे. सातवा प्रश्न, पामतेल मंडळाचा साठ्याचा अहवाल उद्या संध्याकाळच्या आत येणार नाही ना? नाही येणार, म्हणून हो. अहवाल पुढच्या आठवड्यात होता. त्या प्रश्नाला मी मोठ्यानं हो म्हणाले, कारण ते अगदी स्वच्छ होतं.

तिनं कार्ड थोडं आणखी लांब धरलं. आठव्या ओळीशी अक्षर बारीक झालेलं आहे, जागा संपत आली होती. ती मनात वाचत असावी, कारण तिच्या खांद्यांत काहीतरी हललं. मग तिनं वाचला. हळू, एकेक शब्द सुटा करून.

“हा सौदा का घेतला, हे सांगताना, एखाद्या माणसाचं नाव घ्यावं लागेल का?”

“हो,” मी म्हणाले.

ती वळली नाही. “इथं नाही हवंय ना? तुझे पा म्हणायचे, जीभ घसरते.”

“घसरली नाही.”

पडद्यावर चार हजार नऊ. मग चार हजार दहा. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तोही माझाच हात होता, दुसऱ्या कोणाचा नव्हे, हे मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं.

“कोणाचं नाव?” मानं विचारलं. हा प्रश्न कार्डावर नव्हता.

खाली दुकानात कोणीतरी आलं होतं. अगरबत्त्यांची पेटी सरकवल्याचा आवाज आला, मग कोणी तरी हाक मारली, कुणी आहे का. मा उठली नाही. मी पडद्यावरची रेघ धरली आणि चार हजार दहावर परत नेऊन ठेवली. मग ऑर्डर पुसली. एवढं करायला मला फार वेळ लागला, कारण डोळ्यांसमोरचं धूसर होत होतं आणि मी ते पुसायला हात वर केला नाही.

“रेघ मी सकाळी खाली ओढली,” मी म्हणाले. “दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही होतं. तिसऱ्याचंही.”

“मला रेघेतलं काही कळत नाही. नाव विचारलं मी.”

“पांचं.”

 कार्ड तिच्या मांडीवर पालथं होतं, पा ठेवत तसं. बाहेरचं ऊन तिच्या पांढऱ्या केसांतून येत होतं. या प्रश्नाचं उत्तर तिला हो-नाहीसारखं एका शब्दात नको होतं, हे मला कळलं. मी तोंड उघडलं, आणि इतके दिवस फक्त कागदावर लिहिलेला तो शब्द आला. 

“पा गेले, मा,” मी म्हणाले. “पा वारले.”